चौथी लेव्हल जिंकून गायब झालेले प्लेयर: एका पझल गेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

पाच जणांची टीम, अँड्रॉइडवरचा एक पझल गेम, आणि दर आठवड्याला साधारण चार हजार नवीन इन्स्टॉल. मी त्या टीमचा नव्हतो, डेटा बघून द्यायला म्हणून काही महिने त्यांच्याबरोबर होतो. गेमचं नाव आणि माणसं इथे काढून टाकलीयेत, आकडे थोडे गोल केलेत, पण प्रमाण जसंच्या तसं आहे.

अ‍ॅनालिटिक्सला फायरबेस होतं, आणि कच्चा डेटा रोज बिगक्वेरीत जात होता. हे दुसरं नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं, कारण डॅशबोर्डवर फक्त बेरजा दिसतात, एकेका माणसाचा क्रम दिसत नाही.

मी यायच्या आधी टीमने एक मोठा निर्णय घेऊन टाकला होता. सातव्या लेव्हलला पहिल्या प्रयत्नात जिंकणारे फक्त ३८% होते, म्हणून सगळ्यांचं ठरलं की लोक तिथेच वैतागून जातायत. लेव्हल डिझायनरने दोन चाली वाढवून दिल्या, एक अडथळा काढला, जिंकणारे ५५% झाले आणि डे-१ रिटेन्शन, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत येणाऱ्यांचं प्रमाण, जिथल्या तिथे. ते का हलत नाही हे कळेना म्हणून मला बोलावलं.

अडचण नेमकी काय होती

डॅशबोर्ड म्हणत होता डे-१ ३१%, म्हणजे आज इन्स्टॉल केलेल्या शंभरातले ३१ जण उद्या परत येतात. माझा पहिला आठवडा याच आकड्यावर गेला, आणि प्रोड्युसरला ते फारसं आवडलं नाही, कारण त्याला उत्तर हवं होतं आणि मी त्याचा प्रश्नच बदलत बसलो होतो.

झालं असं की डॅशबोर्ड कॅलेंडरचा दिवस धरतो, तोही प्रॉपर्टीच्या सेटिंगमध्ये जो टाइमझोन आहे त्याचा. त्या घड्याळात कोणी रात्री पावणेबाराला गेम टाकला आणि सव्वाबारापर्यंत खेळला, की झाला तो दुसऱ्या दिवशी परत आलेला प्लेयर! बिचारा परत आलेलाच नाही, फक्त बारा वाजले. मी इन्स्टॉलच्या क्षणापासून २४ ते ४८ तास अशी खिडकी धरून परत मोजलं तर ३१ चे २७ झाले. दोन्ही पद्धती चालतात, फक्त एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावायचा नाही. टीमने नेमकं तेच केलं होतं, स्वतःचा ३१ कुठूनतरी ऐकलेल्या दुसऱ्या गेमच्या आकड्याशी लावून "आपण बरे आहोत" असं समाधान करून घेतलं होतं.

पण २७ असो की ३१, त्यातून लोक कुठे गेले हे कळतच नाही. रिटेन्शन ही हजेरी आहे, कोण आलं नाही एवढंच ती सांगते. त्यामुळे मी प्रश्न असा केला: जे परत आले नाहीत त्यांचं पहिलं आणि शेवटचं सेशन कशावर संपलं?

त्यासाठी एका आठवड्याचे ४,२०० नवीन प्लेयर घेतले आणि पुढचे सात दिवस त्यांच्या मागे गेलो. त्यातल्या २,३१० जणांनी सात दिवसांत दुसरं सेशन केलंच नाही, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक एकदा बसले आणि गेले. पुढे यांना मी एकसेशनवाले म्हणणारे. इथे सेशन म्हणजे फायरबेसचं नेहमीचं, अ‍ॅप मागे जाऊन ३० मिनिटं झाली की आधीचं सेशन संपलं, त्यामुळे कोणी चहाला उठून वीस मिनिटांनी परत आला तर ते एकच सेशन. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणारे.

फनेलमध्ये काय दिसलं

फनेल म्हणजे एकेका टप्प्यावर किती जण उरले त्याची उतरंड. क्वेरी फार काही नव्हती, एकेका प्लेयरचे इव्हेंट, म्हणजे गेमने नोंदवलेल्या घटना, वेळेच्या क्रमाने लावायचे आणि तो कुठपर्यंत पोचला ते बघायचं.

```sql
SELECT user_pseudo_id, event_timestamp, event_name,
  (SELECT value.int_value FROM UNNEST(event_params)
   WHERE key = 'level') AS lvl
FROM `game.analytics_000.events_*`
ORDER BY user_pseudo_id, event_timestamp
```

४,२०० पैकी ३,९०० जणांनी ट्युटोरियल सुरू केलं, ३,५२० जणांनी संपवलं. चौथी लेव्हल जिंकलेले ३,११०. पाचवी सुरू केलेले २,४९०. मग सातवी सुरू केलेले २,३००, आणि सातवी जिंकलेले १,९००.

आता यात सगळ्यांची नजर सातव्यावर जाते, कारण तिथे ४०० जण अडकलेले दिसतात आणि लेव्हल अवघड आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणजे गोष्ट आयती तयार. पण त्या ४०० मधले एकसेशनवाले काढले तर फक्त १३० निघाले. बाकीचे २७० हरले, फोन ठेवला, आणि नंतर परत आले होते! हरलेला माणूस चिडतो पण चिडलेला माणूस परत येऊ शकतो. टीमने सातवी सोपी करून ज्यांना खूश केलं त्यातले बरेचसे तसेही टिकणारेच होते, म्हणून आकडा हलला नाही.

खरा खड्डा चौथी जिंकणं आणि पाचवी सुरू होणं यांच्या मधे होता. ६२० जण. त्यातले ५४० एकसेशनवाले, म्हणजे एकूण एकसेशनवाल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा या एका फटीत पडत होता. आणि हे हरलेले लोक नाहीत, हे नुकतेच जिंकलेले लोक आहेत.

मीटिंगमध्ये हे दाखवलं तर लेव्हल डिझायनर आधी म्हणाला, "मग पाचवी सोपी करू." मी म्हटलं, "अरे, पाचवी त्यांनी बघितलीच नाहीये." हे हसण्यासारखं वाटतं पण फनेल वाचताना ही चूक सारखी होते. फनेलमधल्या एका बारला नाव "level 5 start" असतं आणि बार छोटा दिसला की डोकं आपोआप लेव्हल पाचला दोष देतं. खरं तर बार छोटा असण्याचं कारण त्या इव्हेंटच्या आधी असतं, आणि आधीच्या इव्हेंटच्या नंतर. त्या दोघांच्या मधे काय आहे ते चार्टवर कुठेच लिहिलेलं नसतं कारण तिथे कोणी इव्हेंटच टाकलेला नसतो.

मधे काय होतं

मी स्वतः फोनवर गेम काढून टाकला, परत टाकला, आणि चौथी जिंकल्यावर काय काय होतं ते कागदावर लिहिलं. जिंकल्याचा डान्स, मग गेममधली पहिली जाहिरात, मग पहिल्यांदा मॅप उघडतो, मग पाचवीपासून नवीन जग सुरू होतं म्हणून त्याची चित्रं-आवाज डाउनलोड होतात, ३८ एमबी, आणि तोवर स्क्रीनवर एक गोल फिरत राहतो. किती झालं, किती राहिलं, काही नाही, नुसता गोल. माझ्याकडे वायफायवर चार सेकंदांत झालं. मोबाइल डेटावर, तेही सिग्नल अर्धवट असताना, पन्नास सेकंदांनंतर मी सोडून दिलं.

हे टीममध्ये कोणालाच माहीत नव्हतं असं नाही. डेव्हलपरनेच ते इन्स्टॉल साइझ कमी करायला मुद्दाम वेगळं काढलं होतं, आणि ऑफिसातल्या फोनवर ते आधीच उतरलेलं असायचं त्यामुळे तो गोल त्यांनी महिन्यांत बघितला नव्हता.

तर संशयित दोन झाले, जाहिरात आणि डाउनलोड. प्रोड्युसरचं मत जाहिरात. "पहिली जाहिरात आली की लोक पळतात, हे कोणालाही विचार." वाटायला पटतं, आणि ती काढून टाकणं हे एका ओळीचं काम होतं, पण त्यात रोजची कमाई जाणार होती म्हणून खात्री हवी होती.

दोघांना वेगळं कसं करायचं? पहिला विचार आला की काही जणांना जाहिरात मिळतच नाही, सर्व्हरकडून रिकामं उत्तर येतं, तर ते लोक कमी गळतायत का बघू. बघितलं तर तेही जवळपास तेवढेच गळत होते. मला वाटलं झालं, जाहिरात निर्दोष. मग रात्री डोक्यात आलं की अरे, ज्याचं नेटवर्क खराब त्यालाच जाहिरात मिळत नाही, आणि त्याचाच डाउनलोड अडकतो. म्हणजे ही तुलना सरळ नाहीच, जाहिरातीचा त्रास कमी पण डाउनलोडचा त्रास जास्त असे लोक एका गटात गोळा झालेत आणि दोन्ही एकमेकांना झाकतायत. तो पुरावा मी दुसऱ्या दिवशी मागे घेतला. थोडी शोभा झाली, पण ठीक.

मग वेळ मोजली. जाहिरात बंद झाल्याचा ad_closed इव्हेंट होता, आणि अ‍ॅप मागे गेलं की फायरबेस user_engagement पाठवतं. दोघांमधलं अंतर म्हणजे जाहिरातीनंतर माणूस किती वेळ स्क्रीनसमोर बसला. जो जाहिरातीला वैतागून जातो तो जाहिरात चालू असतानाच जातो किंवा बंद होताच दोन-पाच सेकंदांत. आमच्या हरवलेल्या लोकांतला अगदी मधला माणूस मात्र जाहिरात संपल्यावर ४१ सेकंद बसत होता. पार झालेल्यांना पाचवी ९ सेकंदांत मिळत होती. म्हणजे हे पळालेले लोक नव्हते, हे वाट बघून थकलेले लोक होते. जाहिरातीच्या दरम्यानच गेलेलेही होते, ६२० मध्ये साधारण ९०. तेवढा वाटा जाहिरातीचा, मी मान्य केलं, प्रोड्युसर त्यावर थोडा खूश झाला.

एकेकाची रांग वाचणं

आकड्यांवरून एवढं कळलं, पण पुढची गोष्ट सापडली ती तीसेक प्लेयरचे इव्हेंट नुसते वरून खाली वाचताना. कंटाळवाणं काम आहे, दोन तास जातात, पण मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त परतावा याच दोन तासांनी दिला. एकाची रांग अशी होती, डावीकडे त्या सेशनमधली मिनिटं-सेकंद:

```
00:00  first_open
00:14  tutorial_begin
03:02  tutorial_complete
05:31  level_end 4
05:58  ad_closed
06:47  user_engagement
       ---
00:00  session_start
00:31  level_start 4
01:22  level_end 4
01:50  ad_closed
02:31  user_engagement
```

दोन सेशनच्या मधे ५२ मिनिटं होती. हा माणूस परत आला! ४९ सेकंद गोल बघून गेला, तासाभराने परत आला, आणि गेमने त्याला काय दिलं तर परत चौथी लेव्हल, जी तो आधीच जिंकला होता. त्याने ती परत जिंकली, परत जाहिरात बघितली, परत गोल, ४१ सेकंद, आणि मग गेला तो गेलाच. एका प्लेयरने चौथी चार वेळा जिंकलेली सापडली, त्याची तर मला दयाच आली.

डेव्हलपरला विचारलं तर त्याने कोड उघडला आणि डोक्यावर हात मारला. प्रगती सेव्ह होत होती ती पुढची लेव्हल सुरू होताना, जिंकल्यावर नाही. बाकी सगळीकडे जिंकणं आणि पुढची सुरू होणं यात दोन सेकंदांचं अंतर म्हणून हे कधी दिसलं नाही. इथे मधे ३८ एमबी होते. त्यात कमी मेमरीच्या फोनवर तुम्ही गोल फिरत असताना दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलात की अँड्रॉइड गेमला मारून टाकतं, आणि हे क्रॅश म्हणून नोंदलं जात नाही, कारण सिस्टीमने प्रोसेस गुपचूप काढून टाकलेली असते. टीमचा क्रॅश रिपोर्ट एकदम स्वच्छ होता, आणि त्याच जोरावर सगळे "टेक्निकल काही नाही, डिझाइनचाच प्रॉब्लेम" म्हणत होते. अँड्रॉइड ११ पासून पुढे `getHistoricalProcessExitReasons()` ने मागच्या वेळी प्रोसेस का मेली ते विचारता येतं, त्यात `REASON_LOW_MEMORY` मिळू शकतं. ते आम्ही नंतर लावलं, आधी असतं तर एक आठवडा वाचला असता.

सरासरी सेशन लांबीचीही इथेच गंमत कळली. टीम अभिमानाने सांगायची की पहिलं सेशन सरासरी ११ मिनिटांचं आहे. त्या ११ मध्ये गोल बघण्याचा वेळ होता, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येऊन चौथी पुन्हा खेळणाऱ्यांचा वेळही होता, कारण ३० मिनिटांच्या आत आलं की सेशन तेच. गेम जितका जास्त छळत होता तितका आकडा चांगला दिसत होता.

पर्याय आणि त्यावरची भांडणं

पहिला पर्याय, सगळं बेस बिल्डमध्येच टाकायचं. बिल्ड ६८ एमबीवरून १०६ वर जाणार. डेव्हलपरचा विरोध, आणि बरोबरच होता, कारण मग तीच वाट बघणं स्टोअरच्या पानावर सरकतं, आणि तिथे गळालेला माणूस आपल्या अ‍ॅनालिटिक्समध्ये येतच नाही. आपला फनेल सुंदर दिसेल आणि इन्स्टॉल कमी होतील.

दुसरा, गोलाच्या जागी टक्केवारी दाखवणारी पट्टी. एका दिवसाचं काम. मला हे पुरेसं वाटलं नाही, ज्याचं नेटवर्क अडकलंय त्याला १२% वर थांबलेली पट्टी बघून काय मिळणार.

तिसरा, दुसऱ्या लेव्हलपासूनच मागे डाउनलोड सुरू करायचं, आणि चौथी संपेपर्यंत झालं नाही तर पाचवी-सहावी जुन्याच जगाच्या चित्रांत खेळू द्यायची. लेव्हल डिझायनरला हे खटकलं, नवीन जग उघडण्याचा क्षण त्याने मन लावून बनवला होता आणि तो काही लोकांसाठी सातवीपर्यंत लांबणार होता. पण त्यानेच नंतर म्हटलं, "जो क्षण ६२० लोकांनी बघितलाच नाही तो जपून काय करू."

चौथा, जाहिरात सातवीनंतर नेणं. प्रोड्युसरला हे तिसऱ्याबरोबरच करायचं होतं. इथे मी अडून बसलो. दोन्ही एकदम केलं तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही, आणि मग जाहिरात परत चौथीनंतर आणायची हिंमत कोणाची होणार नाही, म्हणजे कमाई कायमची जाणार ती कदाचित उगाच. ९० लोकांचा प्रश्न नंतर बघू असं ठरलं.

आणि एक भांडण वेगळंच झालं: आत्ता दुरुस्त करायचं की आधी मोजायचं. मधल्या फटीत एकही इव्हेंट नव्हता, सगळं मी वेळेच्या अंतरावरून अंदाजाने सांगत होतो. मी म्हटलं एक रिलीज फक्त इव्हेंटचा काढू. `map_open`, `bundle_dl_start`, `bundle_dl_done`, `bundle_dl_fail`, आणि प्रत्येकात किती मिलिसेकंद गेले. प्रोड्युसर म्हणाला दहा दिवस फुकट जातील. शेवटी मी जिंकलो.

काय केलं

इव्हेंटवाली रिलीज गेली आणि आठवड्याने उत्तर आलं, मॅप उघडलेल्या दर शंभरातल्या १५ जणांचा डाउनलोड पूर्ण झालाच नाही. त्यात `bundle_dl_fail` फार थोडे, बहुतेकांचं ना done ना fail, चालू असतानाच माणूस गेला. हेही शिकण्यासारखं, नुसता fail मोजला असता तर "डाउनलोड व्यवस्थित चालतोय" असंच वाटलं असतं.

मग सेव्हची चूक सगळ्यांसाठी दुरुस्त केली, आता जिंकल्याक्षणी सेव्ह. आणि मागे डाउनलोड करणं हे फक्त अर्ध्या नवीन प्लेयरना दिलं, रिमोट कॉन्फिगवरून, म्हणजे नवीन रिलीज न काढता सर्व्हरवरून सेटिंग बदलून, पहिल्यांदा गेम उघडतानाच गट ठरवून. चौथी जिंकल्यावर गट ठरवला असता तर तुलना जास्त धारदार झाली असती, पण डाउनलोड दुसरीपासून सुरू होणार होता, आणि त्याचा त्रास झाला असता तर तो दुसरी-तिसरीतच दिसला असता. तसा त्रास खरंच होईल अशी डेव्हलपरला भीती होती, स्वस्त फोनवर मागे डाउनलोड आणि पुढे गेम म्हणजे अडखळणार. म्हणून तिसरी लेव्हल संपवणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत रोज बघत होतो. फरक पडला नाही.

दोन आठवडे थांबलो, प्रत्येक गटात साधारण ४,२०० जण. चौथ्या दिवशीच नव्या गटाचा डे-१ सहा टक्क्यांनी वर दिसला आणि प्रोड्युसरला तेव्हाच सगळ्यांना देऊन टाकायचं होतं. नाही म्हटलं. चार दिवसांत प्रत्येक गटात बाराशे लोक, त्यात तीन-चार टक्के नुसत्या नशिबाने वरखाली होतात.

निकाल

चौथीवरून पाचवीला पोचणारे जुन्या गटात ८२% होते, आधी ८० होते, म्हणजे सेव्हच्या दुरुस्तीने थोडंच हललं. नव्या गटात ९४%.

डे-१, त्याच २४ ते ४८ तासांच्या मापाने, जुना गट २८%, नवा गट ३१.५%. साडेतीनचा फरक, आणि एवढ्या लोकसंख्येला निव्वळ नशिबाची साधारण झुळूक एक टक्क्याची असते, म्हणून हा खरा धरला.

इथे टीम थोडी नाराज झाली हे सांगायला हवं. "एवढा मोठा खड्डा बुजवला आणि फक्त साडेतीन?" पण हिशोब करून बघा. शंभर नवीन प्लेयरमधले ७४ चौथी जिंकतात. त्यातले जुन्या गटात ८२% पुढे जायचे, नव्यात ९४%, म्हणजे शंभरामागे साधारण नऊ माणसं जास्त पुढे गेली. पाचवीला पोचलेल्यांपैकी डे-१ ला येतात चाळीस-पंचेचाळीस टक्के. नऊ जणांमधले साडेतीन-चार. आकडा अगदी जुळतो. खड्ड्यातून वाचवलेला माणूस लगेच निष्ठावान होत नाही, तो पुढच्या लोकांसारखाच वागतो, आणि पुढच्या लोकांतलेही बरेच जातातच.

डे-७ जुना ८.१, नवा ८.९. हा फरक नशिबाच्या आवाक्यातला आहे, त्यावर मी काही दावा केला नाही आणि प्रोड्युसरच्या स्लाइडवरून तो काढून घ्यायला लावला.

आणि हो, पहिल्या सेशनची सरासरी लांबी घटली. ११ वरून साडेनऊ मिनिटं. ज्या दिवशी सगळ्यांना नवीन बदल दिला त्या दिवशी सकाळी मला मेसेज, "सेशन पडलंय, काहीतरी तुटलंय का?" काही तुटलं नव्हतं, लोक आता गोल बघत नव्हते.

काय वेगळं करता आलं असतं

सेव्हची चूक सापडली त्याच दिवशी दुरुस्त करून सोडायला हवी होती. ती मी मोजमापाच्या रिलीजमध्ये न घालता पुढच्या रिलीजला ढकलली, का तर मापन स्वच्छ राहावं म्हणून. हा माझा शुद्ध हट्ट होता. जिंकलेली लेव्हल परत खेळायला लावणं चूक आहे हे सिद्ध करायला आकडे लागत नाहीत, आणि त्या दहा दिवसांत काहीशे लोकांनी चौथी दोनदा जिंकली.

इव्हेंटच्या रिलीजबद्दल मात्र मी आजही तेच करीन. डेव्हलपरचं मत वेगळं आहे, तो म्हणतो ४१ सेकंदांचा पुरावा पुरेसा होता. असेल, पण त्या पुराव्यात जाहिरात आणि डाउनलोड यांची सीमा धूसर होती, आणि जाहिरातवाल्या पुराव्यावर मी एकदा तोंडावर पडलो होतो.

एक गोष्ट आम्ही बघितलीच नाही ती फनेलच्या अगदी वरची. त्या आठवड्यात स्टोअरच्या कन्सोलवर इन्स्टॉल ४,२०० पेक्षा बरेच जास्त होते. काहींनी टाकून उघडलाच नसेल. पण अँड्रॉइडवर फायरबेस इव्हेंट साठवून साधारण तासाभराने एकदम पाठवतं, त्यामुळे ज्याने दोन मिनिटांत वैतागून गेम काढून टाकला त्याचे इव्हेंट फोनबरोबरच संपले असण्याची शक्यता आहे. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत गळणारे आमच्या चार्टमध्ये आहेत त्यापेक्षा जास्त असणार, किती ते त्या चार्टवरून कळणारच नाही. ट्युटोरियलपर्यंत न पोचलेले ३०० हा आकडा मी कायम "किमान ३००" असा वाचतो.

बाकी राहिलेत ते ५९० जण, सातवी जिंकून, व्यवस्थित थांबून, कुठेही न अडकता गेलेले आणि परत न आलेले एकसेशनवाले. त्यांच्या रांगा मी चाळल्या. user_engagement सोडलं तर शेवटचा इव्हेंट जवळपास सगळ्यांचा एकच, level_end, जिंकलेला. त्याच्यानंतर कसली वाट बघणं नाही, दुसऱ्यांदा प्रयत्न नाही. टीमने त्यांच्यासाठी आता रोजच्या बक्षिसाचा घाट घातलाय, आणि लेव्हल डिझायनर परत एकदा विचारतोय की आठवी जरा सोपी करू का.